जनावराचा विमा दावा नाकारला तर : ग्राहक आयोग, विमा लोकपाल आणि मुदतीचा हिशोब

गाय दगावली, शवविच्छेदन झाले, कागद दिले आणि तीन महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र आले की दावा मान्य करता येत नाही. पुढे काय होते, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संकलन केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पशुपालक एजंटाला फोन करतो. एजंट म्हणतो, ‘अजून एक अर्ज द्या, साहेब बघतील.’ अर्ज जातो, उत्तर येत नाही, मग दुसरा अर्ज, मग तिसरा. दोन वर्षे अशीच निघून जातात आणि तोपर्यंत दाद मागण्याचे दोन्ही मोठे मार्ग बंद झालेले असतात.

हे मार्ग म्हणजे विमा लोकपाल आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दोन्हीकडे वकिलाशिवाय जाता येते, आणि छोट्या दाव्यासाठी दोन्हीकडे शुल्क लागत नाही. पण त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत, त्या वेगवेगळ्या दिवसापासून मोजल्या जातात आणि कोणाकडे आधी जायचे यालाही महत्त्व आहे. या लेखात गायीच्या विम्याचे एक उदाहरण धरून हा सगळा हिशोब पाहू. ट्रॅक्टर, कृषिपंप, शेतमालाचे गोदाम किंवा अपघात विमा यांनाही बहुतांशी हेच नियम लागू होतात. पीकविम्याचे थोडे वेगळे आहे, ते शेवटी दिले आहे.

उदाहरण : बिल्ला बदलला आणि दावा अडला

उदाहरणासाठी समजा, सांगोला तालुक्यातील एका पशुपालकाने संकरित होल्स्टिन फ्रिजियन गायीचा ८०,००० रुपयांचा विमा उतरवला. हप्ता ३,२०० रुपये. पॉलिसी १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५. पॉलिसीवर गायीच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक, वय, रंग आणि ओळखीच्या खुणा लिहिलेल्या आहेत.

डिसेंबरमध्ये गोठ्याच्या तारेत अडकून बिल्ला तुटला. दवाखान्यात नवा बिल्ला मारून घेतला, तशी नोंदही झाली. पण कंपनीला लेखी कळवायचे राहिले, एजंटाला फक्त फोनवर सांगितले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी गाय थायलेरियामुळे दगावली. त्याच दिवशी कंपनीला फोनवर कळवले, शवविच्छेदन झाले, फोटो काढले, दावा अर्ज दिला. २० मे २०२५ च्या तारखेचे पत्र आले : ‘मृत जनावराचा टॅग क्रमांक पॉलिसीतील क्रमांकाशी जुळत नाही, म्हणून दावा नाकारण्यात येत आहे.’

असा नकार योग्य आहे का? बिल्ल्याची अट ही जनावराची ओळख पटावी म्हणून असते. विमा उतरवलेल्या गायीऐवजी दुसरेच जनावर दाखवून पैसे घेतले जाऊ नयेत, हा तिचा उद्देश. त्यामुळे वादाचा खरा मुद्दा असा की, दगावलेली गाय तीच होती का? हे इतर पुराव्यांनी सिद्ध करता आले तर दावा लढवण्यासारखा आहे. या पशुपालकाकडे काय आहे ते पाहू. नवा बिल्ला मारल्याची दवाखान्याच्या नोंदवहीतील तारखेसह नोंद आहे. पशुधन नोंदणीच्या संगणकीय प्रणालीत जुन्या क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक चढलेला आहे. विमा उतरवतानाचा फोटो आणि मृत्यूनंतरचा फोटो यांत कपाळावरचा पांढरा ठिपका, शिंगांची ठेवण आणि शेपटीच्या गोंड्याचा रंग जुळतो. शवविच्छेदन अहवालात वय आणि खुणा लिहिल्या आहेत. हा पुरावा चांगला आहे. उलट, बिल्ला पडल्याची कुठेच नोंद नसती, फोटो नसते आणि शवविच्छेदन अहवालात फक्त ‘संकरित गाय, काळी पांढरी’ एवढेच असते, तर कोणत्याही मंचावर हा दावा टिकवणे अवघड गेले असते.

पहिले पाऊल : कारण लेखी घ्या, तक्रार लेखी द्या

दावा नाकारल्याचे कारण तोंडी ऐकून परत येऊ नका. कंपनीकडून कारणासह लेखी पत्र मागा. याचे एक महत्त्वाचे कारण आहे. कंपनीने पत्रात जे कारण दिले, त्यापलीकडचे नवे कारण तिला पुढे आयोगासमोर उभे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विमा प्रकरणांत सांगितले आहे. आपल्या उदाहरणात कंपनीने फक्त बिल्ल्याचा मुद्दा घेतला आहे. उद्या ती ‘मृत्यूची खबर उशिरा दिली’ असे म्हणू लागली, तर पशुपालकाला हे पत्रच दाखवता येते.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यायची. या अधिकाऱ्याचा पत्ता आणि ई-मेल पॉलिसीच्या कागदावर शेवटी दिलेला असतो. तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ई-मेलने पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या bimabharosa.irdai.gov.in या संकेतस्थळावरूनही ती कंपनीकडे पाठवता येते. एजंटाच्या हातात दिलेला कागद किंवा फोनवरचे बोलणे याला पुढे फारसा अर्थ राहत नाही.

आपल्या पशुपालकाने १० जून २०२५ रोजी अशी तक्रार पाठवली, असे धरू. महिनाभर उत्तर आले नाही.

विमा लोकपाल : एक वर्ष, पण कशापासून?

विमा लोकपालाचे काम विमा लोकपाल नियम, २०१७ नुसार चालते. मुंबई महानगराचा परिसर सोडला तर राज्याचा बहुतेक भाग पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. तक्रार ऑनलाइन, ई-मेलने किंवा पोस्टाने करता येते. ऑनलाइनसाठी cioins.co.in हे संकेतस्थळ आहे. शुल्क नाही. वकील देता येत नाही. तक्रार स्वतः विमाधारकाने, त्याच्या वारसाने किंवा नामनिर्देशित व्यक्तीने करायची असते.

लोकपालाकडे थेट जाता येत नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार दिलेली असली पाहिजे आणि त्यानंतर पुढीलपैकी एक गोष्ट घडलेली असली पाहिजे : कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नाही, किंवा एक महिना होऊनही उत्तर आलेले नाही. यानंतर एक वर्षाच्या आत लोकपालाकडे तक्रार गेली पाहिजे. कंपनीचे उत्तर आले असेल तर ते मिळाल्याच्या दिवसापासून वर्ष धरायचे. उत्तर आले नसेल तर तक्रार पाठवल्यावर एक महिना संपतो त्या दिवसापासून.

आपल्या उदाहरणात १० जूनला तक्रार गेली, १० जुलै २०२५ रोजी महिना संपला, म्हणून लोकपालाचे दार १० जुलै २०२६ पर्यंत उघडे आहे. हे लक्षात घ्या की हे वर्ष मृत्यूच्या दिवसापासून किंवा नकाराच्या पहिल्या पत्रापासून मोजलेले नाही. मात्र याचा अर्थ कंपनीला तक्रार देणे कितीही लांबवावे असा नाही, कारण दुसऱ्या मार्गाचे घड्याळ आधीच सुरू झालेले असते.

लोकपाल आधी दोन्ही बाजूंची संमती असेल तर तडजोडीचा प्रयत्न करतो. तडजोड झाली नाही तर निवाडा देतो. तक्रारदाराकडून सर्व कागद पूर्ण मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यावा, असा नियम आहे. निवाडा मिळाल्यावर कंपनीने ३० दिवसांत त्याचे पालन करायचे असते. तो कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रारदारावर नाही. म्हणजे निवाडा विरोधात गेला किंवा रक्कम कमी वाटली, तर पशुपालकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. मात्र तडजोडीतून निघालेली शिफारस ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून स्वीकारली, तर ते प्रकरण तिथेच संपते. सही करण्यापूर्वी हा फरक समजून घ्या.

लोकपालाच्या अधिकाराला काही मर्यादा आहेत. तो जास्तीत जास्त ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देऊ शकतो. गायीच्या किंवा ट्रॅक्टरच्या दाव्याला ही मर्यादा आड येत नाही. विमा व्यक्तीच्या नावावर, गट विम्यात, एकल मालकीच्या किंवा सूक्ष्म उद्योगाच्या नावावर असला पाहिजे. मोठ्या कंपनीच्या नावावरचे गोदाम असेल तर हा मार्ग नाही. आणि भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपुरती मिळते. मानसिक त्रास, दोन वर्षांचे हेलपाटे यांचे पैसे मागायचे असतील तर त्यासाठी ग्राहक आयोग आहे.

ग्राहक आयोग : दोन वर्षे, आणि घड्याळ लवकर सुरू होते

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. प्रश्न असा की विमा प्रकरणात ‘कारण घडले’ कधी? गाय दगावली तेव्हा, की कंपनीने नाही म्हटले तेव्हा?

दावा वेळेत दाखल केलेला असेल आणि कंपनी त्यावर विचार करत असेल, तर साधारणपणे नाकारल्याच्या पत्रापासून मुदत धरली जाते. पण यावर डोळे झाकून विसंबून राहू नये. तंबाखूच्या गोदामाला लागलेल्या आगीचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आग मार्च १९८८ मध्ये लागली. विमाधारकाने दावा अर्ज मागण्यासाठी कंपनीला १९९२ मध्ये लिहिले. कंपनीने १९९६ मध्ये कळवले की आता काही करता येणार नाही. त्या पत्रापासून दोन वर्षांच्या आत, १९९७ मध्ये तक्रार दाखल झाली. जुलै २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तक्रार मुदतबाह्य आहे. मुदत आगीच्या दिवसापासून सुरू झाली होती, आणि मुदत संपल्यानंतर कंपनीने लिहिलेल्या उत्तरामुळे ती पुन्हा जिवंत होत नाही.

या निकालातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. स्मरणपत्रे पाठवल्याने मुदत वाढत नाही. एकदा स्पष्ट नकार आल्यावर तोच अर्ज पुन्हा पुन्हा दिला आणि कंपनीने दीड वर्षाने ‘आमचा निर्णय कायम आहे’ असे लिहिले, तर त्या शेवटच्या पत्रापासून नवी दोन वर्षे मिळतील असे समजू नका.

म्हणून मुदत मोजताना आमच्या भागातील विस्तार कर्मचाऱ्यांना मी दोन तारखा लिहायला सांगतो. एक बाहेरची तारीख, म्हणजे नकाराच्या पत्राच्या तारखेपासून दोन वर्षे. दुसरी सुरक्षित तारीख, म्हणजे नुकसान झाले त्या दिवसापासून दोन वर्षे. आपल्या उदाहरणात बाहेरची तारीख २० मे २०२७ आणि सुरक्षित तारीख १२ फेब्रुवारी २०२७. तक्रार १२ फेब्रुवारीच्या आत गेली तर मुदतीवर वादच उरत नाही. त्यानंतर आणि २० मेच्या आत गेली तर बहुधा चालते, पण कंपनीचा वकील मुदतीचा मुद्दा काढणार हे गृहीत धरा.

मुदत उलटून गेली असेल तर? कलम ६९ मध्येच तशी सोय आहे. वेळेत न येण्याचे पुरेसे कारण होते हे आयोगाला पटले, तर आयोग कारणे नोंदवून उशीर माफ करू शकतो. त्यासाठी तक्रारीसोबत वेगळा विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. रुग्णालयात दाखल असणे, घरातील मृत्यू अशी कारणे कागदासह द्यावी लागतात. ‘एजंटाने थांबायला सांगितले’ हे कारण सहसा पुरत नाही. शिवाय विलंब माफ करणे हा आयोगाचा अधिकार आहे, तक्रारदाराचा हक्क नाही.

लोकपालाकडे गेलेला काळ वजा होतो का?

इथेच बहुतेक जण फसतात. लोकपालाकडे प्रकरण चालू असताना ग्राहक आयोगाची दोन वर्षे थांबतात, असे कलम ६९ मध्ये कुठेही लिहिलेले नाही. त्यामुळे लोकपालाकडे वर्ष गेले तर ते दोन वर्षांतून गेलेच, असे धरून चाला.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी लोकपाल आणि नंतर ग्राहक आयोग हा क्रम चालतो. उलटा क्रम चालत नाही. त्याच विषयावर ग्राहक आयोगात, न्यायालयात किंवा लवादापुढे प्रकरण चालू असेल किंवा तिथे निकाल लागला असेल, तर लोकपाल ती तक्रार घेत नाही. एकाच वेळी दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

आता आपल्या पशुपालकाचे पाहू. त्याने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकपालाकडे तक्रार केली, तर कागद पूर्ण असल्यास वर्षअखेरीपर्यंत निवाडा येण्याची शक्यता आहे. थोडा उशीर झाला तरी १२ फेब्रुवारी २०२७ पर्यंत बराच वेळ हातात राहतो. निवाडा विरोधात गेला तर ग्राहक आयोगाचे दार उघडेच आहे. ८०,००० रुपयांच्या आणि कागदांवर निकाली निघण्यासारख्या या वादासाठी आधी लोकपाल हाच क्रम बरा. पण हाच पशुपालक सप्टेंबर २०२६ मध्ये जागा झाला असता, तर लोकपालाचे वर्ष संपलेले असते आणि त्याला थेट जिल्हा आयोगात जावे लागले असते. आणि लोकपालाकडे प्रकरण डिसेंबर २०२६ पर्यंत रेंगाळले असेल, तर ती तक्रार लेखी मागे घेऊन सुरक्षित तारखेच्या आत आयोगात जाणे शहाणपणाचे.

जिल्हा आयोगात तक्रार कशी करायची

तक्रार कोणत्या जिल्ह्यात करायची, याचा प्रश्न नव्या कायद्याने सोपा केला आहे. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातील आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईला असले तरी सांगोल्याचा पशुपालक सोलापूरच्या आयोगात जाऊ शकतो.

कोणता आयोग, हे दाव्याच्या रकमेवर ठरत नाही. ग्राहकाने मोबदला म्हणून किती पैसे दिले त्यावर ठरते. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणून शेतकऱ्याचा जवळपास प्रत्येक विमा वाद जिल्हा आयोगातच जातो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. आपल्या उदाहरणात मोबदला ३,२०० रुपये, म्हणजे शुल्क नाही.

तक्रार साध्या मराठीत लिहिता येते. तिच्यात पुढील गोष्टी क्रमाने याव्यात :

- तक्रारदाराचे आणि सामनेवाल्याचे पूर्ण नाव व पत्ता. सामनेवाला म्हणजे विमा कंपनी. हप्ता बँकेने खात्यातून कापला आणि कंपनीला पाठवलाच नाही असा वाद असेल तर बँकही.
- पॉलिसी क्रमांक, मुदत, विमा रक्कम, हप्ता भरल्याची तारीख.
- काय घडले, तारखांच्या क्रमाने. बिल्ला तुटला तो दिवस, नवा मारला तो दिवस, मृत्यू, कंपनीला खबर, दावा, नकार, तक्रार.
- कंपनीचे कारण चुकीचे का आहे, आणि त्यासाठी कोणता पुरावा जोडला आहे.
- तक्रार मुदतीत आहे हे सांगणारा स्वतंत्र परिच्छेद.
- काय मागणी आहे : विमा रक्कम, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च.

सोबत पॉलिसी, हप्त्याची पावती, शवविच्छेदन अहवाल, फोटो, दवाखान्याच्या नोंदीची प्रमाणित प्रत, नकाराचे पत्र, पाठवलेल्या तक्रारीची प्रत व पोस्टाची पावती, आणि प्रतिज्ञापत्र जोडायचे. तक्रार आयोगाच्या कार्यालयात देता येते किंवा e-jagriti.gov.in वर ऑनलाइन. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक माहितीसाठी उपयोगी आहे, पण तिथे नोंदवलेली तक्रार म्हणजे आयोगातील तक्रार नव्हे. तिच्यामुळे मुदत थांबत नाही.

आयोगाने तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरवायचे असते. दाखल झाल्यावर कंपनीला नोटीस जाते. कंपनीला उत्तर देण्यासाठी ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. या ४५ दिवसांपलीकडे वेळ देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. कंपनीचे उत्तर उशिरा आले तर त्यावर हरकत घ्यायला विसरू नका. निकाल तीन महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि लोकपाल व आयोग यांतील व्यवहारातला मोठा फरक हाच आहे. दूरच्या तालुक्यातून येणाऱ्यांना व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येते. कंपनीला अपील करायचे असेल तर आदेशातील रकमेच्या ५० टक्के आधी जमा करावे लागतात. आदेश अंतिम होऊनही कंपनीने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो.

आयोगात कुठे गाडी अडते

पहिली अडचण ‘पूर्ण आणि अंतिम’ पावतीची. कंपनीने ८०,००० ऐवजी ३०,००० देऊ केले आणि पशुपालकाने कोरी किंवा अंतिम पावती सही करून दिली, तर पुढे उरलेले मागताना त्याला ही सही दबावाने किंवा फसवून घेतली हे दाखवावे लागते. नुसती सही असली म्हणजे तक्रारीचा हक्क आपोआप संपतो असे नाही, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. पण ती सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पैसे घ्यायचेच असतील तर पावतीवर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ असे लिहा किंवा त्याच दिवशी ई-मेलने कळवा.

दुसरी अडचण उशिरा खबर दिल्याची. ट्रॅक्टर चोरीच्या एका प्रकरणात पोलिसांत तक्रार त्याच दिवशी दिली होती, पण विमा कंपनीला खबर उशिरा गेली. केवळ त्या उशिरासाठी दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० रोजी सांगितले. मात्र हा निकाल ढाल म्हणून सगळीकडे चालत नाही. चोरीत पोलीस तपास कंपनीच्या तपासाची जागा घेतो. जनावर पुरून टाकल्यावर आठ दिवसांनी खबर दिली तर कंपनीला तपासण्यासारखे काही उरतच नाही, तिथे उशीर महागात पडतो.

तिसरी अडचण व्यावसायिक हेतूची. दहा गायींचा गोठा असेल तर कंपनी म्हणते, हा ग्राहक नव्हे, व्यावसायिक आहे. विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, त्यातून थेट नफा कमावण्यासाठी नाही, या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये एका विमा प्रकरणात ही हरकत फेटाळली आहे.

चौथी अडचण आयोगाच्या पद्धतीतच आहे. आयोगाची चौकशी संक्षिप्त असते, मुख्यतः कागद आणि प्रतिज्ञापत्रांवर. बनावट कागद, जनावर बदलल्याचा गंभीर आरोप, अनेक साक्षीदारांची उलटतपासणी अशी गुंतागुंत असेल तर आयोग तक्रारदाराला दिवाणी न्यायालयात जायला सांगू शकतो. म्हणून पशुवैद्यकांची नोंद आणि फोटो हे तक्रारीच्या वेळी नव्हे, घटनेच्या दिवशीच नीट झाले पाहिजेत.

पीकविम्याचे काय?

प्रधानमंत्री पीकविमा योजनेत भरपाई बहुतांशी महसूल मंडळातील सरासरी उत्पादनावर ठरते. उंबरठा उत्पादन, पीक कापणी प्रयोग, पंचनामा यांबद्दलच्या तक्रारींसाठी योजनेतच तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर तक्रार निवारण समित्या आहेत. आधी तिथे लेखी तक्रार करा, १४४४७ या हेल्पलाइनवरील नोंदीचा क्रमांक जपून ठेवा. पण वाद सेवेतील त्रुटीचा असेल, उदाहरणार्थ बँकेने हप्ता कापूनही पोर्टलवर नोंद केली नाही किंवा सर्व्हे नंबर चुकीचा भरला, तर ग्राहक आयोगाचा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. त्याचीही मुदत दोन वर्षेच, आणि समितीकडे गेलेला काळ वजा होईल असे गृहीत धरू नये.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

नकाराचे पत्र घेऊन कोणी आले तर त्या पत्राच्या झेरॉक्सवर लगेच चार तारखा लिहून द्या : नुकसानीची तारीख, पत्राची तारीख, कंपनीला लेखी तक्रार पाठवल्याची तारीख आणि ती तारीख अधिक एक महिना. पहिलीत दोन वर्षे मिळवली की ग्राहक आयोगाची सुरक्षित तारीख मिळते. दुसरीत दोन वर्षे मिळवली की आयोगाची बाहेरची तारीख. कंपनीचे उत्तर आले नसेल तर चौथीत एक वर्ष मिळवायचे, की लोकपालाची शेवटची तारीख. उत्तर आले असेल तर ते मिळाल्याच्या तारखेत. कंपनीला अजून तक्रारच गेली नसेल, तर ती त्याच दिवशी पाठवा. कारण लोकपालाचे घड्याळ त्या तक्रारीनंतर सुरू होते, पण आयोगाचे घड्याळ गाय दगावली त्या दिवशीच सुरू झालेले असू शकते.